सहा गिगाहर्ट्झचं वायफाय आणि आपल्या घराच्या भिंती

माझी मावसबहीण सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीतून वाकडच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेली, तेव्हा तिने राउटरही नवा घेतला. ट्राय-बँड, म्हणजे 2.4, 5 आणि 6 गिगाहर्ट्झ अशा तिन्ही बँडवर चालणारा. तिचा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याने सांगितलं होतं, "ताई, घ्यायचाच तर सहा गिगाहर्ट्झवाला घे. आमच्याकडे वरच्या मजल्यावरसुद्धा मस्त चालतं." ताईने तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसवला. हॉलमध्ये वेग अफाट मिळाला. बेडरूममध्ये मात्र व्हिडिओ कॉल अडखळायला लागला, आणि मागच्या खोलीत तर ते नेटवर्क यादीतूनच गायब झालं. राउटर खराब निघाला असं समजून ती परत करायला निघाली होती.

राउटर ठणठणीत होता. कारण भिंतीत होतं, आणि थोडं सरकारी नियमांत. ही दोन्ही कारणं नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण "सहा गिगाहर्ट्झ भिंतीतून जात नाही" हे वाक्य सगळेच म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे.

आधी हा बँड म्हणजे काय ते थोडक्यात. वायफाय वर्षानुवर्षं 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालत आलं. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेने 5925 ते 7125 मेगाहर्ट्झ हा 1200 मेगाहर्ट्झचा सलग पट्टा वायफायला परवान्याशिवाय वापरायला दिला. युरोपने 2021 मध्ये त्यातला खालचा भाग खुला केला. भारताच्या दूरसंचार विभागाने मे 2025 मध्ये 5925 ते 6425 या खालच्या 500 मेगाहर्ट्झसाठी नियमांचा मसुदा काढला, आणि 2026 च्या सुरुवातीला त्याचे नियम झाले. वरचा भाग आपल्याकडे वायफायला मिळालेला नाही, मोबाईल सेवेसाठी तो राखण्याकडे कल आहे. म्हणजे अमेरिकेतल्या लेखांत आणि व्हिडिओंत जो "सहा गिगाहर्ट्झ" दाखवतात, त्याच्या निम्म्याहून कमी जागा आपल्याकडे आहे. ही गोष्ट पुढे कामी येईल.

आता भिंत. सिग्नल किती कमी झाला हे डेसिबलमध्ये मोजतात. त्याचं गणित एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरतं: 3 डेसिबल कमी म्हणजे शक्ती निम्मी, 10 कमी म्हणजे एक दशांश, 20 कमी म्हणजे एक शतांश. फोनमधल्या सिग्नल दाखवणाऱ्या ॲपमध्ये हा आकडा उणे चिन्हासह दिसतो. −45 म्हणजे राउटरच्या जवळ बसलोय, −65 म्हणजे चांगलं काम चालेल, −75 म्हणजे ओढाताण, आणि −85 च्या खाली गेलं की उरलंसुरलंही निसटतं.

मोकळ्या हवेत 5 आणि 6 गिगाहर्ट्झमधला फरक जेमतेम एक डेसिबलचा आहे. तो हातात मोबाईल धरण्याची पद्धत बदलली तरी पडतो. खरी उडी आहे ती 2.4 वरून 5 वर जाताना, सात-साडेसात डेसिबलची. म्हणजे 5 गिगाहर्ट्झ ज्यांना घरभर मिळतं, त्यांना 6 मिळूच नये असं हवेत तरी काही नाही.

भिंतीचं गणित मात्र ती कशाची आहे यावर ठरतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बांधकामाच्या साहित्यातून लहरी किती शोषल्या जातात याची सूत्रं दिलेली आहेत. त्यातून 15 सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचा हिशेब काढला, तर 2.4 गिगाहर्ट्झला साधारण 10 डेसिबल जातात, 5.5 ला 19 आणि 6.2 ला 21. त्यात सळ्यांची जाळी आणि पृष्ठभागावरून होणारं परावर्तन धरलेलं नाही, ते वेगळंच. विटेची नऊ इंची भिंत घेतली तर 6 गिगाहर्ट्झवर तोच आकडा सहा-सात डेसिबल येतो. आणि अमेरिकेतल्या घरांत आतल्या भिंती लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी जिप्समचे पातळ बोर्ड ठोकून केलेल्या असतात. ते दोन बोर्ड मिळून जेमतेम एक-दीड डेसिबल खातात.

न्यू जर्सीचा भाऊ खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरात चार भिंती ओलांडल्या तरी पाच-सहा डेसिबल जातात. ताईच्या घरात एक भिंत ओलांडली की एकवीस.

इथे आपल्या शहरांतल्या बांधकामाबद्दल सांगायला हवं, कारण कुठल्याही परदेशी परीक्षणात ते सापडणार नाही. जुन्या इमारतींत खांब-तुळया काँक्रीटच्या आणि मधल्या भिंती विटांच्या असतात. त्यानंतरच्या कितीतरी इमारतींत सिपोरेक्सचे हलके ठोकळे आले. आता पुणे, ठाणे, पनवेल पट्ट्यातल्या बऱ्याच उंच टॉवरांचं काम मायवान पद्धतीने होतं: ॲल्युमिनियमचे साचे लावायचे आणि भिंती-स्लॅब सगळं एकत्र काँक्रीटमध्ये ओतायचं. अशा घरात हॉल आणि बेडरूममधली भिंतसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटची असते. ती ओळखायला सोपी आहे. खिळा ठोकायला गेलात आणि हातोडी उडाली, ड्रिलला हॅमर मोडवर लावूनही वेळ लागला, तर ती आरसीसी आहे. ठोकल्यावर पोकळ किंवा मऊसर आवाज आला आणि भुसभुशीत पांढरट भुकटी पडली तर सिपोरेक्स. लाल भुकटी आली तर वीट.

ताईच्या घरी मी फोनवर सिग्नल दाखवणारं ॲप उघडून चाललो. हॉलच्या सोफ्यावर, राउटरपासून चार मीटरवर, 6 गिगाहर्ट्झ −43 दाखवत होता. बेडरूमच्या दारात उभा राहिलो, दार उघडं होतं, −58. दोन पावलं आत टाकून भिंतीच्या आडोशाला गेलो आणि आकडा −74 वर पडला. मागच्या खोलीत, मधे दोन भिंती आल्यावर, नावच नाही. त्याच जागी 2.4 गिगाहर्ट्झ −63 होता, म्हणजे आरामात चालण्याजोगा. 5 गिगाहर्ट्झ −86 च्या आसपास रेंगाळत होता, कधी लागायचा, कधी सुटायचा.

हे आकडे हिशेबाशी जुळतात का ते पाहू, म्हणजे पुढच्या वेळी मोजण्याआधीच अंदाज बांधता येईल. राउटरमधून 24 डेसिबल-मिलिवॉट, म्हणजे पाव वॉट शक्ती बाहेर पडते असं धरा. चार मीटर हवेत 60 डेसिबल जातात. फोनचा छोटा अँटेना आणि त्यावरचा हात मिळून आणखी सात. 24 मधून 67 वजा केले की −43. बेडरूम आठ मीटरवर आहे, अंतर दुप्पट म्हणजे आणखी 6 गेले, −49. त्यातून भिंतीचे 21 वजा केले की −70, आणि भिंतीवरून परत फिरलेला थोडा भाग धरला की −73 किंवा −74. दुसरी भिंत आली की हिशेब −95 च्या पलीकडे जातो. तिथे फोनला ऐकू येणारा स्वतःचाच खरखराट सिग्नलपेक्षा मोठा असतो. नाव यादीतून गायब होण्याचा अर्थ एवढाच. विटेच्या भिंती असत्या तर दोन्ही ओलांडूनही −63 मिळाले असते. म्हणजे तोच राउटर सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात मागच्या खोलीपर्यंत पोहोचला असता.

हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं नियमांत आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

5925 ते 6425 मेगाहर्ट्झ हा पट्टा रिकामा पडलेला नव्हता. टीव्ही वाहिन्या आणि इतर सेवा जमिनीवरून उपग्रहाकडे सिग्नल पाठवतात, तो सी-बँडचा चढता मार्ग नेमका हाच आहे. आकाशातला उपग्रह या लहरी ऐकत बसलेला असतो. शिवाय टेकडीवरच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत जाणारे मायक्रोवेव्ह दुवेही याच भागात असतात. अशा ठिकाणी कोट्यवधी घरांतले राउटर सोडायचे तर त्यांचा आवाज बाहेर पोहोचता कामा नये. म्हणून हा बँड खुला करणाऱ्या नियामकांनी मुख्य तोडगा हाच काढला: शक्ती कमी ठेवा आणि घरातच वापरा. घराच्या बाहेरच्या भिंती सिग्नल अडवतात हे या परवानगीमागचं गृहीतकच आहे. भिंतीतून न जाणं हा दोष म्हणून आपण पाहतो, पण ते नसतं तर हा बँड आपल्याला मिळालाच नसता.

भारताच्या नियमांत घरातल्या वापरासाठी एकूण मर्यादा 30 डेसिबल-मिलिवॉट, म्हणजे एक वॉट आहे. पण त्याहून महत्त्वाची दुसरी अट आहे: दर मेगाहर्ट्झमागे 11 डेसिबल-मिलिवॉट, साधारण साडेबारा मिलिवॉट. घराबाहेर वापरायच्या अतिकमी शक्तीच्या उपकरणांना, जसं की फोनवरून चष्म्याला किंवा हेडसेटला जोडणी, एकूण मर्यादा 14 म्हणजे फक्त 25 मिलिवॉट. गाड्या, बोटी, ड्रोन, तेलाचे फलाट अशा ठिकाणी वापराला मनाई. युरोपने घरातली मर्यादा 200 मिलिवॉटवर ठेवली. अमेरिकेत 80 मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलला पाव वॉट मिळतो, तर तिथेच 5 गिगाहर्ट्झच्या वरच्या चॅनेलांना चार वॉटपर्यंत परवानगी आहे. सोळापट, म्हणजे 12 डेसिबलचा फरक. भौतिकशास्त्राने घेतलेले दोन-तीन डेसिबल आणि नियमाने घेतलेले बारा, यात तिथे 6 गिगाहर्ट्झ "कमी पोहोचतो" याचं मोठं कारण कुठलं, ते उघड आहे.

फोनच्या बाजूनेही एक अडचण असते. वायफाय हे दोघांचं बोलणं आहे. राउटरचं फोनला ऐकू येतं, पण फोनचं राउटरला ऐकू यायला हवं, आणि फोनची बॅटरी, अँटेना दोन्ही लहान. अमेरिकेच्या नियमात तर घरातल्या वापरात फोन-लॅपटॉपने राउटरपेक्षा 6 डेसिबल कमी, म्हणजे पाव शक्तीवर बोलायचं असं लिहिलेलंच आहे. त्यामुळे फोनवर सिग्नलच्या दोन दांड्या दिसतात, तरी पान उघडत नाही, असं होतं. फोनला ऐकू येतंय, राउटरला येत नाही. असं वागणं दिसलं की दूरच्या टोकाला आलोय हे समजायचं. राउटर बदलून तिथे फारसं काही साधत नाही.

तिसरं कारण चॅनेलच्या रुंदीचं. 6 गिगाहर्ट्झची खरी मजा रुंद चॅनेलांत आहे, 160 किंवा 320 मेगाहर्ट्झच्या. पण चॅनेल जितका रुंद, तितका त्यात शिरणारा खरखराटही जास्त. 20 मेगाहर्ट्झच्या जागी 160 घेतले की खरखराट आठपट, म्हणजे 9 डेसिबल वाढतो. जवळ बसलेल्याला फरक पडत नाही, त्याच्याकडे सिग्नल भरपूर असतो. लांबच्या खोलीत मात्र तेच 9 डेसिबल जुळणं आणि तुटणं यातला फरक ठरतात. म्हणून ज्यांच्या बेडरूममध्ये 6 गिगाहर्ट्झ कसाबसा मिळतो त्यांनी राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी 160 वरून 80 वर आणून बघावी. हॉलमधला वरचा वेग कमी होईल, बेडरूममधली जोडणी बहुधा टिकेल.

मग या बँडचा उपयोग कोणाला? मला वाटतं, इथे बहुतेक लेख फसतात, कारण ते वेगाचा आकडा दाखवून थांबतात. ज्याच्या घरी 100 किंवा 150 एमबीपीएसचा प्लॅन आहे, त्याच्या घरातलं 5 गिगाहर्ट्झ आधीच त्याहून कितीतरी जास्त वाहून नेतं. नळाला येणारं पाणी तेवढंच आहे, मग घरातला पाइप कितीही जाड केला तरी बादली लवकर भरत नाही. अशा घराला केवळ वेगासाठी 6 गिगाहर्ट्झ घेणं हे पैसे वाया घालवणं आहे, आणि मी ताईला तसं स्पष्ट सांगितलं. तिचा प्लॅन 150 चा आहे.

फायदा होतो तो गर्दीच्या ठिकाणी, आणि तो वेगाहून जास्त निवांतपणाचा असतो. टॉवरमध्ये वर-खाली, डावी-उजवीकडे घरं असतात आणि प्रत्येकाचा राउटर. ताईच्या हॉलमध्ये ॲपने 2.4 गिगाहर्ट्झवर तीसहून जास्त नेटवर्कं दाखवली, 5 वर अकरा, 6 वर फक्त तिचं एक. वायफायची रीत अशी आहे की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. शेजारचा राउटर तुमच्याच चॅनेलवर असेल तर त्याचं बोलणं संपेपर्यंत तुमचा फोन गप्प. वेग मोजताना हे दिसत नाही, पण व्हिडिओ कॉल मधेच गोठतो, गेममध्ये झटका बसतो, तो याच थांबण्यामुळे. 6 गिगाहर्ट्झवर शेजारी कमी आहेत, कारण उपकरणं अजून कमी आहेत. पुढे प्रत्येकाकडे आली तरी शेजाऱ्याचा सिग्नल त्याच काँक्रीटमध्ये अडतो. ताईची बेडरूम ज्या भिंतीमुळे कोरडी राहिली, त्याच जातीच्या भिंती तिच्या हॉलला शेजारच्यांपासून वाचवतात.

5 गिगाहर्ट्झला आणखी एक बंधन आहे, ते इथे नाही. त्याच्या मधल्या चॅनेलांवर हवामानाची आणि इतर रडारं चालतात, म्हणून राउटरने आधी मिनिटभर कान देऊन रडार नाही ना हे पाहायचं आणि मधेच रडार ऐकू आलं तर चॅनेल सोडून पळायचं असा नियम आहे. 160 मेगाहर्ट्झचा रुंद चॅनेल 5 मध्ये हवा असेल तर या भागात शिरावंच लागतं. विमानतळाजवळ राहणाऱ्यांचं नेट दिवसातून एक-दोनदा कारण नसताना मिनिटभर जातं, त्यामागे काही वेळा हे असतं. 6 गिगाहर्ट्झमध्ये ही रडारची भानगड नाही.

सर्वांत मोठा लाभ मात्र घरांपेक्षा अशा जागांना आहे, जिथे प्रत्येक खोलीत छताला वायफाय देणारा स्वतंत्र डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट असतो आणि तो वायरने जोडलेला असतो: कार्यालयं, महाविद्यालयांची सभागृहं, संगणक प्रयोगशाळा, वसतिगृहं. तिथे एका ॲक्सेस पॉइंटचा सिग्नल दुसऱ्या खोलीत जाऊ नये असंच वाटत असतं. भारताला मिळालेल्या पट्ट्यात 80 मेगाहर्ट्झचे सहा चॅनेल बसतात, 160 चे तीन आणि 320 चा फक्त एक. 5 गिगाहर्ट्झमध्ये 160 चे व्यवहारात एक-दोनच, तेही रडारवाले. महाविद्यालयाच्या एका मजल्यावर सहा वर्गखोल्या असतील तर प्रत्येकीला 80 चा वेगळा चॅनेल देता येतो आणि साठ मुलांचे लॅपटॉप एकमेकांच्या वर्गाचं ऐकत थांबत नाहीत. हे 5 वर जुळवताना नेटवर्क सांभाळणाऱ्याला फार कसरत करावी लागते.

तो एकच 320 चा चॅनेल लक्षात ठेवा. खोक्यावर BE9300 असं काही लिहिलेलं असतं. तो आकडा तिन्ही बँडांचा कमाल वेग एकत्र मिळवून काढलेला असतो, आणि त्यातला जवळपास 5760 एमबीपीएसचा वाटा 320 मेगाहर्ट्झच्या 6 गिगाहर्ट्झ चॅनेलवर उभा असतो. तुमच्याकडे 320 समजणारा लॅपटॉप नसेल, किंवा तुम्ही नि तुमचा खालच्या मजल्यावरचा शेजारी दोघेही तोच एकमेव चॅनेल वापरत असाल, तर तो आकडा कागदावरच राहतो.

घरगुती वापरात खरा फायदा होणारी माणसं थोडी आहेत, पण आहेत. ताईचा मुलगा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्याचं फूटेज घरातल्याच एका स्टोरेजवर असतं आणि लॅपटॉप हॉलमध्ये. त्याचं काम इंटरनेटवर अवलंबून नाही. घरातल्या घरात शंभर-दोनशे जीबी हलवायचे असतात. एकाच खोलीत, 6 गिगाहर्ट्झवर 160 चा चॅनेल घेऊन त्याला प्रत्यक्ष गिगाबिटच्या वर वेग मिळतो. अट एकच, स्टोरेज राउटरच्या 2.5 गिगाबिटच्या पोर्टला जोडलेलं हवं, नाहीतर एक गिगाबिटचं पोर्टच अडसर ठरतं. आधी तासभर लागणारी कॉपी आता निम्म्या वेळात होते, असं त्याने सांगितलं. त्याच घरात त्याच राउटरचा त्याला उपयोग झाला आणि त्याच्या आईला नाही. संगणकावरून व्हीआर हेडसेटवर वायरशिवाय गेम खेळणाऱ्यांचंही असंच. खोली एक, डेटा प्रचंड, आणि एक झटकासुद्धा डोळ्यांना त्रास देतो. ज्यांच्याकडे गिगाबिट प्लॅन आहे आणि जे राउटरच्याच खोलीत काम करतात, त्यांनाही फरक दिसेल.

घेण्याआधी काय तपासायचं, तेही सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. "वायफाय 7" लिहिलं म्हणजे 6 गिगाहर्ट्झ आहे असं नाही. बाजारात स्वस्त वायफाय 7 राउटर आहेत ज्यांत फक्त 2.4 आणि 5 असतात. खोक्यावर Tri-Band आणि 6 GHz हे दोन्ही शब्द शोधा. काही ट्राय-बँड राउटरांत 5 गिगाहर्ट्झचेच दोन रेडिओ असतात, म्हणून एका शब्दावर भागत नाही. उपकरणाकडेही 6 गिगाहर्ट्झचा रेडिओ हवा. फोनांमध्ये तो प्रथम 2021 च्या गॅलेक्सी एस21 अल्ट्रामध्ये आला, आयफोनमध्ये 15 प्रोपासून. विंडोज 10 मध्ये हा बँड चालत नाही, विंडोज 11 लागतं. शिवाय फोन आणि लॅपटॉप आपण कुठल्या देशात आहोत ते पाहून बँड उघडतात, त्यामुळे रेडिओ असूनही अपडेट येईपर्यंत भारतात 6 गिगाहर्ट्झ बंद राहू शकतो.

सुरक्षेची अटही वेगळी आहे. वायफायच्या पासवर्डचं संरक्षण करणारा जुना WPA2 हा प्रकार 6 गिगाहर्ट्झवर चालत नाही, नवा WPA3 सक्तीचा आहे. राउटरवर तिन्ही बँडांना एकच नाव आणि फक्त WPA2 ठेवला तर 6 गिगाहर्ट्झ गुपचूप बाहेर राहतो आणि आपल्याला कळतही नाही. लॅपटॉप खरंच कुठल्या बँडवर आहे हे विंडोज 11 मध्ये असं पाहता येतं:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात Band च्या ओळीत 6 GHz दिसलं पाहिजे. Channel च्या आकड्यावरून ठरवू नका, कारण 2.4 आणि 6 गिगाहर्ट्झमध्ये काही क्रमांक सारखेच येतात.

घरभर पोहोचवण्यासाठी दुकानदार बहुधा मेश सुचवतो: दोन-तीन डबे, आणि त्यांच्यातला दुवा 6 गिगाहर्ट्झवर. लाकडी घरांत ते उत्तम चालतं. मायवानच्या फ्लॅटमध्ये दोन डब्यांमधला दुवाच दोन काँक्रीट भिंतींमध्ये अडकतो, मग मेश स्वतःच 5 वर येतो आणि 6 साठी दिलेले पैसे तिथेच संपतात. डबे एकमेकांना उघड्या दारातून दिसतील अशा रेषेत ठेवता आले तरच ते वायरशिवाय वापरावेत.

ताईच्या घरी आम्ही वायरच ओढली. हॉलमधून मास्टर बेडरूमपर्यंत टीव्हीच्या केबलसाठी भिंतीत आधीच नळी घातलेली होती, तिथली केबल कोणी वापरत नव्हतं. जुन्या केबलच्या टोकाला नवी कॅट-6 चिकटपट्टीने बांधली, एकाने इकडून सोडली, एकाने तिकडून ओढली. मधल्या एका वळणावर अडकली, थोडं मागे घेऊन पुन्हा ओढल्यावर आली. बेडरूमच्या बाजूला तिचा जुना दोन-बँडचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवला, उपकरणांना पत्ते वाटण्याचं त्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं, नाव आणि पासवर्ड हॉलमधल्यासारखाच दिला. 6 गिगाहर्ट्झ हॉलपुरता राहिला, मुलाच्या कामासाठी. बेडरूममध्ये 5 गिगाहर्ट्झ आता −47 आहे, मागच्या खोलीत −71, आणि ताईचा रात्रीचा न्यू जर्सीचा कॉल त्या दिवशी पहिल्यांदा न तुटता चालला.